तुमच्या सहीखालचे कागद

आदरणीय प्राचार्य मॅडम,



येत्या 31 तारखेला तुम्ही पदभार सोडाल. पाच-पाच वर्षांच्या दोन्ही मुदती पूर्ण झाल्या, आता निवृत्ती. निरोप समारंभाची पत्रिका छापून आली आहे. संस्थेचे पदाधिकारी बोलतील, माजी विद्यार्थी बोलतील, शाल-श्रीफळ होईल. प्राध्यापकांच्या वाट्याला पाच मिनिटं आहेत. आमचं म्हणणं तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की हे पत्र लिहायचं आणि यंदाच्या नियतकालिकात छापायचं. स्टाफ सेक्रेटरी म्हणून मसुदा मी केला. तो सगळ्या विभागांत फिरला, प्रत्येकानं काही ना काही बदललं. एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं नाही, तो मुद्दा तसाच ठेवला आहे.

तुमच्या काळात इमारत किती वाढली, ग्रंथालयात किती पुस्तकं आली, हे अहवालात येईलच. आम्हाला तुमच्या टेबलावरच्या कागदांबद्दल लिहायचं आहे. अनुदानित महाविद्यालयात प्राचार्यांची सही ज्या कागदावर पडते त्या कागदावर कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी पदोन्नती, कुणाची तरी शिष्यवृत्ती उभी असते. बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. आम्हाला मात्र दहा वर्षं रोज कळत होतं.

पहिली गोष्ट इतिहास विभागाची, कारण तिथे सगळंच एकत्र आलं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे हे वाचतील त्यांना एक हिशेब सांगायला हवा. सहाय्यक प्राध्यापकानं आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. आपली तासिका 48 मिनिटांची, म्हणून 16 तासांच्या 20 तासिका होतात. विभागाच्या एकूण तासिका मोजायच्या, 20 नं भागायचं, येईल तितकी पदं. इतिहासाला प्रथम वर्षाच्या दोन तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडीला दोन पेपर आणि प्रत्येक पेपरला आठवड्याच्या चार तासिका, म्हणजे 16. द्वितीय वर्षाच्या 8, तृतीय वर्षाच्या चार पेपरांच्या 16. एकूण 40, म्हणजे पूर्ण दोन पदं. यातली प्रथम वर्षाची एक तुकडी मोडली की 8 तासिका जातात आणि 32 उरतात. मग पद एकच राहतं आणि वर 12 तासिका लोंबकळतात. एका तुकडीवर एका माणसाची आयुष्यभराची नोकरी अवलंबून असते ती अशी.

विभागातले ज्येष्ठ सर 2019 मध्ये निवृत्त झाले तेव्हा तासिका चाळीसच होत्या आणि पद भरण्यात तत्त्वतः काहीच अडचण नव्हती. तुम्ही त्याच आठवड्यात बिंदुनामावलीची फाइल काढलीत. आमच्यातल्या तरुण सहकाऱ्यांना वाटायचं, जागा रिकामी झाली की जाहिरात द्यायची आणि मुलाखती घ्यायच्या. तुम्ही त्यांना समोर बसवून सगळा रस्ता दाखवलात. आधी सहसंचालक कार्यालयाकडून कार्यभार तपासून पद मान्य करून घ्यायचं. मग हे पद कोणत्या बिंदूवर येतं ते ठरवून बिंदुनामावली विद्यापीठाच्या आणि विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग शासनाचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग विद्यापीठानं मान्य केलेली जाहिरात, मग कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ आणि शासनाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती. निवड झाल्यावर विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी पगार सुरू होण्यासाठी पुन्हा सहसंचालक कार्यालय. यातला एक टप्पा अडकला तर मागचे टप्पे शिळे होतात.

आणि ते झालेच. आर्थिक दुर्बल घटकांचं 10 टक्के आरक्षण 2019 मध्ये आलं, बिंदू पुन्हा लिहावे लागले. मराठा आरक्षणाची टक्केवारी उच्च न्यायालयाच्या निकालानं त्याच वर्षी बदलली, पुन्हा लिहिले. मे 2020 मध्ये करोनामुळे शासनानं नवी पदभरतीच थांबवली. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला, तिसऱ्यांदा लिहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्यभरातल्या 2088 पदांना मान्यता मिळाली तेव्हा आपलं पद त्यात बसलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नवा कायदा आला आणि चौथ्यांदा तेच काम. निर्णय योग्य की अयोग्य यावर आमच्या स्टाफरूममध्ये दहा मतं असतील. तुमच्या केबिनमध्ये प्रश्न एकच असायचा, आजच्या नियमाप्रमाणे आजची नोंदवही बरोबर आहे का. अनेक महाविद्यालयांत ही वही पद भरायची वेळ आली की उघडतात आणि मग वीस वर्षांपूर्वीची जात प्रमाणपत्रं शोधत बसतात. आपली वही कधीही, कुणीही मागितली तरी त्याच दिवशी टेबलावर येत होती. पद भरलं गेलं नाही, हे खरं. ते आपल्या फाइलमुळे अडलं नाही, हेही तितकंच खरं.

मधल्या काळात त्या 20 तासिका दोघांनी वाटून घेतल्या. दोघेही नेट उत्तीर्ण, एकाची पीएच.डी. झालेली. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, यांचं काहीच मिळत नाही. देयक महाविद्यालयातून जातं, सहसंचालक कार्यालयात तपासलं जातं आणि पैसे कित्येक महिन्यांनी एकरकमी येतात. वरचा उशीर तुमच्या हातात नव्हता. आपल्याकडचा उशीर तुम्ही संपवलात. महिना संपला की पाच तारखेच्या आत विभागप्रमुखांची सही झालेलं तासिकापत्रक तुमच्याकडे आलंच पाहिजे, हा नियम तुम्ही केलात आणि न आणणाऱ्या विभागप्रमुखांना सगळ्यांसमोर विचारलंत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं वेळापत्रकात पूर्ण छापून येऊ लागली. आधी तिथे नुसतं ‘सी.एच.बी.’ असायचं. त्यांना स्टाफ मीटिंगला बोलावणं जाऊ लागलं. ज्यांना कधी तसं वागवलं गेलेलं नाही त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. आमच्यातल्या आठ जणांनी या परिच्छेदाखाली मुद्दाम सही केली आहे आणि ते आठही जण तासिका तत्त्वावर काम करतात.

आता तो मतभेदाचा मुद्दा.

2021 मध्ये बारावीची परीक्षा झाली नव्हती, मूल्यमापनावर निकाल लागला आणि जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाले. त्या वर्षी वर्ग ओसंडले. 2022 मध्ये परीक्षा पूर्वीसारखी झाली, आणि आपल्या भागात टाळेबंदीनंतर बरीच मुलं कामाला लागली होती. प्रथम वर्ष कला शाखेची दुसरी तुकडी टिकवायला एकोणीस प्रवेश कमी पडत होते. प्रवेशाचे दिवस संपत आले तेव्हा तुमच्यासमोर एक गठ्ठा ठेवला गेला. बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, भरलेले अर्ज, प्रवेश शुल्काची सोय. त्यातली बहुतेक मुलं पुण्याला कंपनीत लागलेली होती, काही जणी लग्न होऊन गेलेल्या होत्या. त्यांनी वर्गात येण्याचा प्रश्नच नव्हता. नावं पटावर राहतील, परीक्षेचा अर्ज भरला जाणार नाही, पुढच्या वर्षी ‘गळती’ म्हणून दाखवली जातील. हे कसं चालतं ते आपल्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पटावरची संख्या आणि परीक्षा अर्जांची संख्या शेजारीशेजारी ठेवली की तुकडी खरी आहे की कागदावरची हे पाच मिनिटांत कळतं. फक्त ती शेजारी ठेवायची कुणाची इच्छा नसते.

तुम्ही तो गठ्ठा परत केलात. तुकडी मोडली. 40 च्या 32 झाल्या, मान्य असलेलं दुसरं पद धोक्यात आलं आणि बारा तासिका दोघांना पुरण्यासारख्या नव्हत्या. पीएच.डी. झालेल्या सहकाऱ्याला तुम्ही स्वतः बोलावून सांगितलंत, वेळापत्रक लागण्याआधी. त्यांना ते नोटीस बोर्डावरून कळू नये याची काळजी घेतलीत. ते गेले. त्यांनी गावाकडे शेती आणि स्पर्धा परीक्षेचा वर्ग सुरू केला, आणि पुढे तुकडी परत उभी राहिली तेव्हाही ते आले नाहीत.

आमच्यातल्या काहींचं मत आजही असं आहे की तुम्ही तो गठ्ठा स्वीकारायला हवा होता. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकण्यासारखा आहे. पदं शासन भरत नाही, निकष शहरातल्या महाविद्यालयांसारखेच आपल्याला लावले जातात, आणि अशा व्यवस्थेत एका वर्षाची एकोणीस नावं ही एका माणसाच्या पोटापुढे काहीच नाहीत. उरलेल्यांचं म्हणणं असं की एकदा असा गठ्ठा घेतला की दर जूनला तो वाढत जातो, आणि मग वर्गात खरोखर बसलेल्या मुलांकडे पाहण्याचं कारणच उरत नाही. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे. पण गेलेल्या सहकाऱ्याची खुर्ची ज्यांच्या शेजारी होती त्यांना ते पटवून देणं मला जमलेलं नाही, आणि या पत्रात तसा प्रयत्न करणंही बरोबर नाही. एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे की निर्णय घेतल्यावर तुम्ही तो कुणावर ढकलला नाहीत. महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत तुकडी का मोडली याचं उत्तर तुम्ही दिलंत, विभागप्रमुखांना द्यायला लावलं नाहीत.

आणि त्यानंतर जे केलंत ते आम्ही सगळ्यांनी तुमच्यासोबत केलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

बालाघाटच्या डोंगरावरचं आपलं महाविद्यालय. मांजरा याच डोंगरात उगम पावते आणि इथून खाली जाऊन दुसऱ्यांच्या शेतांना पाणी देते, असं तुम्ही भूगोलाच्या तासाला सांगायचात. आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतात, आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतो. परत येणं पाडव्याच्या आसपास. आपल्या पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या या जाण्याच्या काळात येतात. जूनमध्ये हौसेनं प्रवेश घेतलेली मुलगी दिवाळीत दिसत नाही, कारण उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही, आणि घरात लग्नाच्या वयाचा मुलगा असला की सून हवी असते. प्रवेश कमी का होतात आणि झालेले टिकत का नाहीत, याचं उत्तर इथे आहे, असं तुम्ही आम्हाला सांगितलंत. आमच्यातले अर्धे जण याच घरांतून आलेले. आम्हाला ते माहीत होतं. त्याचं वेळापत्रक करता येतं हे माहीत नव्हतं.

2022 च्या ऑगस्टमध्ये तुम्ही प्रत्येक वर्गशिक्षकाला एक कोरी वही दिलीत. त्यात तीन याद्या करायच्या होत्या. ज्यांचे आईवडील तोडीला जातात पण घरी आजी किंवा कुणी मोठं माणूस थांबतं, अशी मुलं. ज्यांच्या घराला कुलूप लागतं पण मूल इथे थांबायला तयार आहे, अशी मुलं. आणि ज्यांना जावंच लागणार आहे, अशी मुलं. पहिल्या यादीसाठी फारसं काही करावं लागत नव्हतं, अधूनमधून घरी एक फेरी पुरायची. दुसऱ्या यादीसाठी खोली आणि जेवण लागत होतं. स्टाफनं दरमहा पगारातून ठरावीक रक्कम काढून निधी केला, गावातल्या दोन घरांत मुलींसाठी खोल्या घेतल्या, आणि त्या खोल्यांच्या भाडेकरारावर भाडेकरू म्हणून तुमची वैयक्तिक सही होती. मुलीला मागे ठेवायला घरचे तयार होत ते त्या सहीमुळे. ‘बाईंच्या नावावर खोली आहे’ हे वाक्य आम्ही वस्त्यांवर आणि तांड्यांवर किती वेळा ऐकलं.

तिसरी यादी सगळ्यांत अवघड होती. जाणाऱ्या मुलांच्या चाचण्या आणि गृहपाठ दसऱ्याच्या आधी उरकायचे, म्हणजे अंतर्गत गुण तरी हातात राहतात. परीक्षेचा अर्ज त्यांच्यादेखत भरून घ्यायचा. परीक्षेच्या आठवड्यात एसटीनं परत यायचं, भाडं निधीतून. पेपरांच्या दिवसांत राहायला वसतिगृहाचा हॉल. पहिल्या वर्षी तिसऱ्या यादीतली निम्मीही मुलं परीक्षेला आली नाहीत, कारण तोडीवरून सुटका मुकादमाच्या हातात असते आणि एक कोयता चार दिवस बंद राहिला तर त्याचे पैसे कापले जातात. हे लक्षात आल्यावर तुम्ही दुसऱ्या वर्षी जाण्याआधीच मुकादमांना महाविद्यालयात बोलावलंत. परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्या हातात दिलंत आणि कोणत्या मुलाला कोणत्या तारखेला सोडायचं ते त्यांच्याकडून कबूल करून घेतलंत. काहींनी पाळलं, काहींनी नाही. जी मुलं आली ती अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे घेऊन पेपरला बसली.

शिष्यवृत्तीचं कामही याच वहीला जोडलं गेलं, आणि त्यातली खरी अडचण आमच्यातल्या कुणाच्याही आधी तुमच्या ध्यानात आली. महाडीबीटीवर अर्ज भरताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल वडिलांचा आणि वडील फडात. मूल इथे संगणकासमोर बसलेलं आणि ओटीपी कोल्हापुरात आलेला. फोन लागला तर वडिलांना आकडे वाचता येतीलच असं नाही, आणि तोवर मुदत संपते. म्हणून अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचे, उत्पन्नाचे दाखले त्याआधी काढायचे, आणि ज्यांचं बँक खातं आधारशी जोडलेलं नाही किंवा बंद पडलं आहे त्यांची यादी करून सगळ्यांना एकाच दिवशी बँकेत न्यायचं. महाविद्यालयाकडून अर्ज दोन टप्प्यांत पुढे जातो, आधी लिपिकाच्या लॉगिनमधून, मग प्राचार्यांच्या. कितीतरी ठिकाणी तो दुसऱ्या टप्प्यावर महिनोन्महिने पडून असतो आणि मूल समाजकल्याण कार्यालयाला दोष देत राहतं. तुमच्या लॉगिनमध्ये संध्याकाळी घरी जाताना एकही अर्ज शिल्लक नसे. हे आम्हाला आपल्या लिपिकांनी सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

2023 च्या जूनमध्ये प्रथम वर्षाची दुसरी तुकडी पुन्हा भरली. त्या मुलांपैकी कितीजणांनी परीक्षेचा अर्ज भरला हे तुम्ही डिसेंबरमध्ये नोटीस बोर्डावर लावलंत. पट आणि परीक्षा अर्ज, दोन्ही आकडे शेजारीशेजारी.

नॅकबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आम्ही सगळे पुरेसे दमलो आहोत. स्वयं-अध्ययन अहवालात अध्यापनाच्या निकषाला एक हजारपैकी साडेतीनशे गुण असतात, आणि त्यातच मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ शिक्षक आहेत हे विचारतात. रिकाम्या पदांचा फटका तिथे थेट बसतो. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना पूर्णवेळ दाखवावं, नियुक्तिपत्रं तशी करून घ्यावीत, असा सल्ला आपल्याला बाहेरच्यांनी पैसे घेऊन दिला होता. तुम्ही तो नाकारलात आणि अहवालात पदं रिकामी का आहेत ते तारखांसकट लिहिलंत. माहितीच्या पडताळणीत आपल्याकडे स्पष्टीकरणं मागितली गेली तेव्हा प्रत्येक आकड्याला कागद होता, त्यामुळे पंधरा दिवसांच्या मुदतीत रात्री जागून काही ‘तयार’ करावं लागलं नाही. बी प्लस प्लस मिळाला. ‘ए’ हुकला. संस्थेला वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. आपण शिकवतो त्यापेक्षा ती श्रेणी कमी आहे असं आमचं मत आहे. पण त्या अहवालातलं एकही पान कुणापासून लपवावं लागत नाही.

आमच्या स्वतःच्या कागदांबद्दल न लिहिणं कृतघ्नपणाचं होईल. पदोन्नतीची फाइल म्हणजे काय हे प्राध्यापकाच्या घरच्यांना विचारावं. स्तर 10 वरून 11 वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नसेल तर पाच किंवा सहा. नियमाप्रमाणे ज्या वर्षी पात्र झालो त्या वर्षी अर्ज केला तर वाद होत नाही. अर्ज उशिरा होतो तो बहुधा जुन्या वर्षांचे स्वयंमूल्यमापन अर्ज सहीविना पडलेले असतात म्हणून. प्राचार्य बदललेले असतात, आधीचे सही करायला तयार नसतात, नवे म्हणतात ते वर्ष माझं नाही. या एका कारणानं आपल्या विद्यापीठात कित्येकांची वर्षं गेली आहेत. तुम्ही दर मे महिन्यात, सुट्टी लागण्याआधी, प्रत्येकाचा त्या वर्षाचा अर्ज समोर बसवून तपासत होतात. तासिकांचा आकडा वेळापत्रकाशी जुळला नाही तर सही होत नसे, आणि त्यावरून आमच्यातल्या काहींनी तुमच्याशी चांगलाच वाद घातला आहे. पण जून उजाडण्याआधी सही झालेली असायची. सेवापुस्तकही वर्षातून एकदा प्रत्येकाला दाखवलं जायचं, नोंदी वाचून खाली आम्ही सही करायची. आज आपल्या महाविद्यालयात मागच्या वर्षांच्या सहीसाठी थांबलेली एकही फाइल नाही. नव्या प्राचार्यांना तुम्ही देत असलेला हा सगळ्यांत मोठा वारसा आहे असं आम्हाला वाटतं.

रिफ्रेशर कोर्ससाठी कुणाला सोडायचं म्हटलं की त्यांचे तास कोण घेणार हा प्रश्न यायचा. भूगोलात माणूस कमी पडला तेव्हा तृतीय वर्षाचं प्रात्यक्षिक तुम्ही स्वतः घेतलंत, आणि पुढे ते सोडलंच नाहीत. एकास पन्नास हजार प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरून त्यावर मुलांना आधी आपलं गाव शोधायला लावायचं, मग गावातली विहीर, मग ओढा कुठून कुठे जातो ते समोच्च रेषांवरून सांगायला लावायचं. त्या मुलांपैकी काही जण आज जलसंधारणाच्या कामांवर मोजणी करतात.

तुम्ही जाताना जे अर्धवट राहिलं आहे त्याची यादी तुमच्याइतकी कुणालाच पाठ नाही, तरी आमच्याकडून एकदा सांगतो. इतिहासाचं पद अजून रिकामं आहे. चौथ्यांदा लिहिलेली बिंदुनामावली तपासणीला गेलेली आहे. 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आपल्याला लागू झालं आणि चार तासिकांच्या पेपरचा जुना हिशेब मोडला. आता कुठे दोन श्रेयांकांचा पेपर, कुठे चार. खुल्या ऐच्छिक विषयात मुलं ज्या विभागाकडे वळतील तिकडे तासिका सरकतात. इतिहासाच्या 40 तासिका नव्या रचनेत किती भरतात यावरच ते पद टिकणार आहे. तुम्ही गेल्या महिन्यात दोन्ही पद्धतींनी मांडलेला कार्यभाराचा तक्ता आम्ही नव्या प्राचार्यांसमोर ठेवू. त्यात खुल्या विषयांचा जो रकाना तुम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवला आहे तो प्रवेश पूर्ण झाल्यावर शाईनं भरण्याची जबाबदारी इतिहास आणि राज्यशास्त्र या दोन्ही विभागांनी घेतली आहे.

मुलींच्या दोन खोल्यांचा भाडेकरार मे महिन्यात संपतो. घरमालकांशी बोलणं झालं आहे. नव्या करारावर आमच्यातल्या तीन प्राध्यापिका सह्या करणार आहेत. मुकादमांची बैठक यंदा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ठेवली आहे. त्यांच्यापैकी दोघांनी ‘बाई असतील का’ असं आत्ताच विचारलं आहे. तुम्ही बीडला राहायला जाणार हे आम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी सकाळच्या एसटीनं या. जेवण इथेच. आणि तृतीय वर्ष भूगोलाचं नकाशावाचन कुणी घ्यायचं हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा तो विषयही त्याच दिवशी बोलून घेऊ.

आपले,
महाविद्यालयातील सर्व प्राध्यापक, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक
यांच्या वतीनं, स्टाफ सेक्रेटरी